तकरीरीतून गुफ्तगू

तकरीर आणि गुफ्तगू हे दोन्ही शब्द आपल्या घरांत रोजचे आहेत. जुम्म्याला मशिदीत होते ती तकरीर आणि जेवणानंतर दस्तरखान उचलता उचलता होते ती गुफ्तगू. तकरीर लिहून आणता येते आणि ती लिहून आणल्याचे कुणाला खटकत नाही. गुफ्तगू मात्र लिहून आणली की पहिल्या दोन वाक्यांतच कळते. कार्यक्रमात दोन निवेदक एकच मजकूर आळीपाळीने वाचत असतात, तेव्हा आवाज दोन असले तरी बोलणारे माणूस एकच आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच जाणवते.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या दोन सहकारी शिक्षिका मुलांच्या मातांसाठी पाच-सहा मिनिटांचे कार्यक्रम मोबाईलवर ध्वनिमुद्रित करतात आणि ते मातांच्या व्हॉट्सअॅप गटावर जातात. पुष्कळशा मातांना लांबलचक मजकूर वाचायला सवड नसते. पोळ्या लाटताना ऐकणे मात्र जमते. या कार्यक्रमांचा मजकूर तयार करण्याचे काम आमच्याकडे आहे. बहुतेक वेळा हाती येते ते कुणीतरी एकाने बोलण्यासाठी लिहिलेले भाषण, आणि त्यातून दोघींचे बोलणे घडवायचे असते.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. अल्ताफ हुसैन हाली यांनी १८७४ मध्ये ‘मजालिस-उन-निसा’ लिहिले, ते स्त्रियांच्या बैठकीतल्या गप्पांच्या रूपात. मुलींच्या शिक्षणावर त्यांना सरळ उपदेशही लिहिता आला असता. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरची ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना घरगुती बोलण्यातून एखादा विषय कसा उलगडतो हे वेगळे सांगायला नको. पण ही कामे आयतीच संवाद म्हणून लिहिली गेली. आमच्या हाती येते ते भाषण, म्हणून ते आधी मोडावे लागते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर एका बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांच्या जुलाबांविषयी भाषण लिहून दिले. मजकूर साधारण ९०० शब्दांचा होता. मिनिटाला १२० शब्द या आमच्या नेहमीच्या गतीने तो साडेसात मिनिटे चालला असता. त्यातला एक परिच्छेद असा होता:

“अतिसार झालेल्या बालकास जलशुष्कता होऊ नये म्हणून ओआरएस द्यावे. एक लिटरचे पाकीट असल्यास ते एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात संपूर्ण विरघळवावे. पाकीट उपलब्ध नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घालावे. दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप व त्याहून मोठ्या बालकास अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजावे. तयार द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.”

मजकूर अचूक आहे. यातला एकही आकडा इकडचा तिकडे होऊन चालणार नाही, कारण मीठ जास्त पडले तर औषधाचाच बाळाला अपाय होतो. आता हाच परिच्छेद नुसता दोघींत वाटून दिला तर काय होते ते पाहा:

पहिली: अतिसार झालेल्या बालकास काय द्यावे बरे?

दुसरी: फार छान प्रश्न विचारलात! अशा बालकास ओआरएस द्यावे.

पहिली: अरे वा! आणि ते कसे तयार करावे?

दुसरी: एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात…

इथे विचारणारीला उत्तर आधीच ठाऊक आहे. तिचे प्रश्न नेमके भाषणाच्या क्रमाने येतात आणि पुढच्या वाक्याला वाट करून देण्यापलीकडे ते काही करत नाहीत. ‘फार छान प्रश्न’ असे आपण घरात कुणाला म्हणतो का? भाषा बोलीतली केली, ‘द्यावे’चे ‘द्यायचं’ केले, तरी हा दोष जात नाही. तो शब्दांच्या खाली, प्रश्नाच्या कारणात आहे.

म्हणून कागदावर काही लिहिण्याआधी आम्ही भाषण दोघींपैकी धाकटीला मोठ्याने वाचून दाखवतो. तिच्या घरी तेव्हा दीड वर्षाचा मुलगा होता. तिला एवढेच सांगितलेले असते की, जिथे मनात काही येईल तिथे बेधडक मध्ये बोलायचे. मोबाईल बाजूला चालू ठेवलेला असतो. या भाषणाच्या वेळी तिने पाच ठिकाणी अडवले. ‘पाणी दिलं की जुलाब वाढतात असं सासूबाई म्हणतात, ते?’ ‘पुड्या तर दोन प्रकारच्या मिळतात ना?’ ‘लिटर कशानं मोजायचं?’ ‘सपाट म्हणजे कसा?’ आणि ‘पण तो उलटीच करतो, मग पाजायचं कसं?’

भाषणात लपलेले खरे प्रश्न ते हेच. संवादाचा सांगाडा आम्ही या पाच प्रश्नांवर उभा करतो आणि क्रमही तिचाच ठेवतो. भाषणकर्ता सुरुवात व्याख्येपासून करतो. आईची सुरुवात सासूबाईंच्या म्हणण्यापासून होते.

जिथे तिने एकदाही अडवले नाही तो मजकूर गाळायचा, असा आमचा साधा नियम आहे. आमचा अनुभव असा की, तीच माहिती दोघींच्या बोलण्यातून सांगायला भाषणाच्या जवळजवळ दीडपट वेळ लागतो. सगळे कोंबायला गेलो तर बोलणे धावू लागते आणि पुन्हा वाचन वाटते. त्यामुळे आतड्यांचे कार्य, रोगजंतूंची नावे, ओआरएसचा इतिहास हे सगळे निघाले.

पण या नियमाला एक मोठा अपवाद आहे. जे आपल्याला ठाऊकच नसते, त्याविषयी आपण प्रश्न विचारत नाही. भाषणात झिंकच्या गोळीचा उल्लेख होता. जुलाब थांबले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ती १४ दिवस पुरी करायची असते. धाकटीने तिथे काहीच विचारले नाही. म्हणून प्रत्येक गाळलेल्या परिच्छेदावर आम्ही डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली: हे काढले तर बाळाला धोका आहे का? झिंक आणि धोक्याची लक्षणे या दोन गोष्टी अशा परत आल्या. त्या मोठीच्या तोंडी घातल्या, आणि तिच्याकडूनही कारणासकट: ‘एक गोष्ट तू विचारली नाहीस, सहसा कुणी विचारतच नाही…’

दुसरा विचार करायचा तो कुणाला काय ठाऊक आहे याचा. मोठीला, जिला सगळे आपा म्हणतात, प्रमाण ठाऊक आहे. पण धाकटी अडाणी असून चालत नाही. दीड वर्षाचे मूल कसे तोंड फिरवते, गल्लीतल्या मेडिकलमध्ये काय मिळते, हे तिला आपापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोघींकडे एकमेकींना देण्यासारखे काहीतरी असेल तरच बोलणे दोन्ही बाजूंनी वाहते. आणि धाकटीने नाटक करायचे नाही. ऐकणाऱ्या माता तिला ओळखतात. तिचे बाळ आज आजारी आहे असे ती म्हणाली, तर संध्याकाळी चार जणी चौकशीला येतील. म्हणून मागच्या वर्षी खरोखर घडलेलेच ती सांगते.

एवढे ठरल्यावर संवाद असा लिहिला गेला:

धाकटी: गेल्या पावसाळ्यात आमच्या छोट्याला जुलाब झाले ना, तेव्हा मी पाणी कमीच केलं होतं.

आपा: कमी? का गं?

धाकटी: अम्मी म्हणाल्या, पाण्यानंच वाढतं.

आपा: पाण्यानं नाही वाढत. दस्तातून पाणी जातं अंगातलं, मीठही जातं बरोबर. ते परत भरायला नको? म्हणून जास्त द्यायचं. आणि नुसतं पाणी नाही, ओआरएस.

धाकटी: ते आणलंय मी आज. ही बघा.

आपा: वाच बरं, काय लिहिलंय.

धाकटी: फार बारीक आहे… हां, एक लिटर.

आपा: म्हणजे एक लिटर पाणी, त्यात ही पुडी सगळी. अर्धी आज, अर्धी उद्या असं नाही.

धाकटी: पण आमच्या मेडिकलवाल्याकडे छोट्या पण असतात.

आपा: त्या दोनशे मिलीच्या. एका ग्लासाच्या. म्हणूनच आधी वाचायचं.

धाकटी: आणि मोठीच ग्लासात कालवली तर?

आपा: फार खारट होईल, बाळाला त्रास होईल त्यानं. कधीच नाही.

यात काय बदलले ते पाहू. ‘अतिसार’ गेला. त्याच्या जागी एकीचे ‘जुलाब’ आणि दुसरीचे ‘दस्त’ आले, कारण त्या दोघी एरवी तसेच बोलतात. उत्तरात प्रश्नातले शब्द परत येत नाहीत. ‘छोट्या पण असतात’ याला उत्तर ‘त्या दोनशे मिलीच्या’ एवढेच आहे. ‘छोट्या पुड्या दोनशे मिलीच्या असतात’ असे पुरे वाक्य वहीत शोभते. क्रियापदाच्या मागेही शब्द येतात: ‘पाणी जातं अंगातलं’, ‘त्रास होईल त्यानं’. बोलताना आपली मराठी अशीच चालते, पण लिहायला बसलो की हात आपोआप क्रियापद शेवटी नेतो. पुडी तर ध्वनिमुद्रणाच्या वेळी खरोखर धाकटीच्या हातात दिली होती. बारीक अक्षरे वाचायला तिला जो वेळ लागला, तो कागदावर लिहून मिळाला नसता.

मजकूर झाला की आम्ही एक तपासणी करतो. धाकटीच्या प्रत्येक बोलण्याचा पहिला शब्द तेवढा खूण करून वाचायचा. ‘हो’, ‘बरोबर’, ‘अच्छा’, ‘वा’ हेच पुन्हा पुन्हा येत असतील तर ती फक्त मान डोलावते आहे, म्हणजे मूळचे भाषण तसेच आहे. ‘पण’ आला तर तिला काहीतरी पटलेले नाही. ‘म्हणजे’ आला तर कळलेले नाही. ‘मग’ आला तर तिला पुढचे हवे आहे. ‘आणि’ आला तर तिला आणखी एक शंका सुचली आहे. हे छोटे शब्द आधीच्या वाक्याला धरून येतात, म्हणून त्यांच्यावरून बोलण्याला कारण आहे की नाही ते समजते. मात्र कारण नसताना वरून ‘पण’ चिकटवला तर तोही ऐकू येतो. दुसरी तपासणी नावे झाकून करायची. दोघींची वाक्ये अदलाबदल करूनही चालत असतील तर कागदावर अजून दोन माणसे आलेली नाहीत.

आता आकड्यांचे. बोलणे जितके मोकळे, तितका आकडा निसटण्याचा धोका जास्त. म्हणून मजकुरात आम्ही दोन प्रकारच्या ओळी ठेवतो. काळ्या ओळी बोलणारीने आपल्या शब्दांत म्हणायच्या. लाल ओळी जशाच्या तशा. साखर-मिठाचा भाग असा होता आणि त्यातली आपाची प्रमाणाची दोन्ही वाक्ये लाल होती:

धाकटी: आणि रात्री दोनला पुडी नसलीच घरात तर?

आपा: साखर-मीठ तर असतं. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, सपाट.

धाकटी: सपाट म्हणजे?

आपा: भरायचा आणि वरून सुरीच्या पाठीनं सारखा करायचा.

धाकटी: शिगोशीग नाही.

आपा: मिठाचा तर मुळीच नाही.

धाकटी: सहा साखर, अर्धा मीठ.

आपा: आणि पाणी?

धाकटी: एक लिटर. पाण्याची लिटरची बाटली असते ना, तिनं मोजेन. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा भरवसा नाही, काही साडेसातशेच्या असतात.

आकडा दोनदा आला, पण दुसऱ्यांदा धाकटीने तो आपली आठवण पक्की करण्यासाठी म्हटला. शेवटची बाटलीची भर तिची स्वतःची आहे, मूळ भाषणात ती नव्हती. इथे एक पथ्य फार काटेकोर पाळायचे. धाकटीच्या तोंडी चुकीचा आकडा घालून आपाकडून तो दुरुस्त करून घ्यायचा मोह होतो, कारण त्याने बोलणे रंगते. पण ऐकणारीचे लक्ष पोळीवर असते. तिच्या कानात पहिला आकडा बसला आणि दुरुस्तीच्या वेळी कुकरची शिट्टी झाली, तर काय होईल? चुकीची समजूत बोलून दाखवावी, कारण ती घराघरांत आहे आणि तिला उत्तर द्यायचे आहे. चुकीचा आकडा मात्र कधीही उच्चारू नये.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी दोघी मजकूर दोनदा वाचतात आणि मग तो आम्ही काढून घेतो. समोर राहते पोस्टकार्डाएवढे एक कार्ड. त्यावर क्रमाने सात-आठ शब्द असतात: सासूबाई, पुडी, छोटी पुडी, रात्री दोन, किती पाजायचे, उलटी, झिंक, लक्षणे. आणि लाल ओळी पूर्ण. कागद समोर असला की नजर कागदावर जाते, आवाज सपाट होतो आणि वाक्याच्या शेवटी एकच सूर लागतो. कार्ड असले की नजर एकमेकींवर राहते. त्या समोरासमोर बसतात. मोबाईल दोघींच्या मध्ये, घडी घातलेल्या ओढणीवर, दोघींपासून वीतभर-दीड वीत अंतरावर असतो. पंखा बंद. गाद्या-रजया असलेली खोली सगळ्यांत बरी, तिथे आवाज घुमत नाही.

अडखळणे लिहून देऊ नये. ‘अं…’, ‘म्हणजे कसं आहे की…’ असे कागदावर लिहिले तर वाचताना ते हमखास खोटे वाटते. कार्डावरून बोलताना ते आपोआप येते आणि तेवढेच राहू द्यावे. एकीचे संपायच्या आत दुसरी बोलली तरी चालते. फक्त लाल ओळीवर दुसरीचा आवाज चढला किंवा जीभ अडखळली, तर ती ओळ पुन्हा घ्यायची.

मोकळेपणात आणखी एक गोष्ट होते. बोलणाऱ्या जास्तीचे बोलून जातात. एखादा घरगुती उपाय, एखाद्या औषधाचे नाव सहज निघून जाते. म्हणून डॉक्टरांकडून कागद तपासून घेणे पुरेसे नाही. त्यांना तयार ध्वनिमुद्रणच ऐकवावे लागते. त्यानंतर, मजकूर न पाहिलेल्या एका आईला ते एकदाच ऐकवायचे, समोर साखर, मीठ, चमचा आणि बाटली ठेवायची आणि म्हणायचे, करून दाखवा. ‘समजलं का?’ असे विचारले तर सगळ्या हो म्हणतात. तिचा चमचा सपाट आला की कळते की सांगणे पोहोचले. नाही आला तर ती लाल ओळ पुन्हा लिहायची.

या कार्यक्रमात एक जागा अशी आहे की जिथे आम्ही गुफ्तगू मुद्दाम थांबवतो. बाळ सुस्त पडून आहे, पिऊ शकत नाही, दिलेले सगळे उलटून टाकते, डोळे खोल गेलेत, शौचातून रक्त जाते, यातले एकही दिसले तर घरी थांबायचे नाही, लगेच दवाखान्यात न्यायचे. वाटेत ओआरएस घोट घोट चालू ठेवायचे, पण त्यासाठी निघणे लांबवायचे नाही. हे आपा एकटी, सलग, सावकाश सांगते. धाकटी मध्ये ‘पण’ म्हणत नाही, ‘म्हणजे’ म्हणत नाही, ‘हो’सुद्धा म्हणत नाही. पाच मिनिटे ती इतकी बोललेली असते की, ती गप्प झाल्यावर ऐकणारीचेही हात लाटण्यावर थांबतात. तेवढ्यापुरती ती तकरीरच असते, आणि ती तशीच राहू द्यावी.